समोरच्या दाराला एक चिठ्ठी

दिवाळीत शेजारच्या दोन वयस्कर माणसांना ‘आमच्याकडे या’ म्हणायला असं काय लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते अजून म्हणून पाहिलेलं नाही. पुण्यात हे वाक्य तोंडी म्हटलं की समोरून ‘अहो नको, कशाला उगीच!’ हे उत्तर विचाराच्या आधी येतं. त्यात नकार नसतो, ती नुसती रीत असते. मग आपण आग्रह करायचा, त्यांनी पुन्हा नको म्हणायचं, आपण तिसऱ्यांदा म्हणायचं, आणि तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून कुणीतरी आत पळायचं. दारात उभं राहून झालेलं आमंत्रण असं बहुतेक वेळा दुधावर संपतं.

आमच्या समोरच्या दारात जे काका-काकू राहतात, त्यांच्याबाबतीत तर ही रीत दुप्पट कडक आहे. काका बँकेतून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण कोणताही कागद हातात आला की तो तपासूनच खाली ठेवायचा ही सवय निवृत्त झालेली नाही. काकू शाळेत गणित शिकवत होत्या. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी मेलबर्नला. दोघंही गुणी आहेत, रोज फोन करतात, पैसे पाठवायचा हट्ट धरतात, आणि आई-वडील तो मोडून काढतात. ‘कसे आहात?’ विचारलं तर काका ‘मजेत!’ म्हणतात. हा शब्द ते इतक्या ठामपणे उच्चारतात की पुढचा प्रश्न विचारायची छाती होत नाही.

तर अशा मजेत असलेल्या माणसांना दिवाळीत सोबत कशी देऊ करायची? ‘तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून’ हे वाक्य अशा चिठ्ठीत हमखास येतं आणि ते पहिलं खोडावं. हे वाक्य लिहिणारा ते प्रेमाने लिहितो, पण वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की समोरच्या घरात आपल्या एकटेपणावर चर्चा झालेली आहे. त्यानंतर ‘मुलं इतक्या लांब, सणासुदीला जीव कसा लागत असेल’ हे खोडावं. ते खरंच असेल, पण ते काकूंना आपल्याकडून कळायला नको. ‘कधीही या’ हेही खोडावं, कारण कधीही या म्हटलेली माणसं कधीच येत नाहीत. एवढं खोडल्यावर चिठ्ठीत काय उरतं, असा प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला. ह्यांचं म्हणणं होतं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला की काम होतं. मी काकांचा फोन पाहिलेला होता. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत त्यावर पणत्यांचा जो पूर येतो, त्यात आमचं आमंत्रण कोणत्या पणतीखाली बुडालं हे पाडव्यापर्यंत कळलं नसतं. शिवाय मेसेजला दोन निळ्या खुणा येतात. वाचलं आणि उत्तर दिलं नाही हे आपल्याला कळलं, हे त्यांना कळतं. कागदाची चिठ्ठी त्या मानाने सभ्य. ती टेबलावर पडून राहते. दोघांना आपसात बोलता येतं, चष्मा लावून पुन्हा वाचता येते, आणि दारात कुणी उत्तराची वाट बघत उभं नसतं.

मग प्रश्न राहिला वेळेचा. ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. आधी मला वाटलं होतं, वेळ काय, कुठलीही संध्याकाळ चालेल. पण काकांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर तीन घड्याळं आहेत. मधलं पुण्याचं, डावीकडचं न्यू जर्सीचं आणि उजवीकडचं मेलबर्नचं. ती घड्याळं शोभेची नाहीत, त्या घराचं वेळापत्रक त्यांच्यावर चालतं. एकदा तिथे चहा पिता पिता मी ते नीट वाचलं, आणि चिठ्ठीतला मजकूर तिथेच ठरला.

ऑक्टोबरच्या अखेरीला न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि मेलबर्न साडेपाच तास पुढे. म्हणजे पुण्यात पहाटे साडेपाच होतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. मुलगा ऑफिसातून आलेला, नातू जेवायला बसलेला. काका-काकूंची सकाळ म्हणून मुलाची. मेलबर्नला मुलगी संध्याकाळी सहाला घरी येते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा असतात आणि ती रात्री दहाला झोपायला जाते तेव्हा साडेचार. म्हणजे दुपार मुलीची. काकू दुपारी झोपत नाहीत याचं मला नेहमी कौतुक वाटायचं. त्या झोपतील कशा?

आता संध्याकाळ बघा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी साडेसहाला आपण समई लावतो, तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. त्या वर्षी तो शुक्रवार होता, मुलगा गाडी लावून ऑफिसात शिरत असणार. मेलबर्नला त्याच क्षणी मध्यरात्रीचे बारा. एक कामावर, एक झोपेत. सकाळ मुलाला आणि दुपार मुलीला वाटून झाल्यावर संध्याकाळ कुणालाच देता येत नाही. आणि आपली दिवाळी तर सगळी दिवे लागल्यावरची. वर्षातल्या इतर संध्याकाळी मालिका असतात, औषधं असतात, काकांची बातम्यांवर टीका असते, त्यात वेळ निघून जातो. पण गॅलरीत आकाशकंदील लावलेला आहे, खाली मुलांचा आरडाओरडा चाललाय आणि फोन मात्र वाजण्याची शक्यताच नाही, अशा संध्याकाळी त्या घरात फार लवकर जेवणं होतात. मुलांनी फोन केला नाही, अशी तक्रार करायलाही जागा नाही. सकाळी तर तासभर बोलणं झालेलं असतं.

म्हणून अभ्यंगस्नानाच्या पहाटे त्यांना फराळाला बोलावणं, हा जो बहुतेकांचा पहिला विचार असतो, तो चुकीचा. गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला पहाटे पाचला तेल लावून, उटणं लावून, नवा शर्ट घालून काका फोनपुढे बसणार होते. नातवाला न्यू जर्सीत बुधवारी संध्याकाळी साडेसातला आजोबांची पहिली आंघोळ झालेली दिसणार होती. त्या वेळी आम्ही चकलीची बशी घेऊन बेल वाजवली असती, तर आमच्यासारखे अडाणी शेजारी आम्हीच. सोबत द्यायची तर आधी ती कुठे नको आहे हे बघावं लागतं.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे बोलवावं, तर तेही जमत नाही. त्या संध्याकाळी काकू घराला कुलूप लावणार नाहीत. दार उघडं, उंबऱ्यावर पणती, घरात माणूस हवं. लक्ष्मी आली आणि घरातले समोर पत्ते खेळत बसलेत, हे गणिताच्या बाईंना पटण्यासारखं नाही. म्हणजे त्यांनी यायचं नाही, आपण जायचं. पण आपण जायचं म्हटलं की काकू पाहुणचाराच्या तयारीला लागणार, गुडघ्यांनी कुरकुर करत ओट्याशी उभ्या राहणार. त्यासाठी चिठ्ठीत ‘जेवून येऊ’ हे स्पष्ट लिहायला हवं, आणि किती वाजता निघू तेही. आपल्याकडे येण्याची वेळ सांगतात, जाण्याची सांगणं असभ्य समजतात. पण ज्यांना नऊला रक्तदाबाची गोळी घेऊन आडवं व्हायचं असतं त्यांना पाहुणे कधी उठणार, हे माहीत असण्यासारखं सुख नाही.

उरला मुख्य प्रश्न: कारण काय द्यायचं? उगीच कुणी कुणाकडे जात नाही. आणि इथे मला काकूंच्या डब्यांनी मदत केली.

परदेशी मुलं असलेल्या घरातला फराळ दिवाळीच्या बराच आधी होतो, कारण पार्सल वेळेत पोचायला हवं. काकूंचा फराळ नवरात्राच्या सुमारासच कुरियरवाल्याकडे गेला होता. बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे प्रवास सोसतात, चकल्यांचे तुकडे होतात, करंज्यांना मेलबर्नची सीमा ओलांडता येईल की नाही याची खात्री नसते. ते सगळं रवाना झाल्यावर प्रत्यक्ष दिवाळीत घरात उरतो तो चिवड्याचा तळ आणि ‘आता दोघांपुरतं कोण करत बसतं’ हे वाक्य. पण त्या पार्सलात अनारसे कधीच नव्हते. मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, ‘अनारसे खायला माणसं समोर लागतात.’ म्हणजे मुलं गेल्यापासून त्या घरात अनारसे झालेले नव्हते.

आणि आमच्या घरात ते कधीच झालेले नव्हते, कारण अनारसा हा पदार्थ पुस्तकात वाचून होत नाही. कृती लिहायला चार ओळी लागतात: जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, निथळून सावलीत पंच्यावर पसरायचा, अंगात दमटपणा असतानाच दळायचा, बारीक चाळणीने चाळायचा. पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ, चमचाभर तूप, पाण्याचा थेंब नाही. गोळा करून डब्यात चार-पाच दिवस ठेवायचा. मग लिंबाएवढी गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेच्या तुपात सोडायची, उलटायची नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडली की काढून चाळणीत उभी करायची, म्हणजे तूप निथळतं.

या चार ओळींत खरी माहिती एकही नाही. तांदूळ किती वाळला म्हणजे ‘दमट’? काकू सांगतात, पीठ मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली तर फुटली पाहिजे. फार वाळला तर अनारसा दगड होतो, ओला राहिला तर तूप पितो. गूळ जरा जास्त झाला तर अनारसा कढईत हसतो, म्हणजे फुटून तुपभर पसरतो, आणि त्याच्याकडे बघून आपल्याला रडू येतं. म्हणून थोडं पीठ गूळ न घालता बाजूला ठेवायचं. पहिला अनारसा नमुन्याचा तळायचा; तो हसला तर हे पीठ गोळ्यात मिसळायचं. कडक झाला तर पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा मळायचा. किती पीठ, किती केळं हे मात्र हाताला कळतं, आणि तसा हात आमच्या घरात नव्हता, समोरच्या दारात होता.

हे लक्षात आल्यावर चिठ्ठी सोपी झाली. आपल्याकडे जे नाही आणि त्यांच्याकडे जे आहे ते मागायचं. मागताना खरंच गरज असली पाहिजे हे महत्त्वाचं. ‘काकू, जरा चव बघा ना’ ही खोटी मागणी त्यांना लगेच कळते. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईंना कॉपी ओळखता येणार नाही का?

आणखी एक गोष्ट माझ्या मुलाने सुचवली. काकांना वर्षातून चार वेळा स्टुलावर चढावं लागतं. मेलबर्नचं घड्याळ ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी सरकतं, न्यू जर्सीचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. काकांना स्टुलावर चढायला काकूंची सक्त मनाई आहे, म्हणून काकू देवळात गेल्या की ते चढतात. २०२४ मध्ये नोव्हेंबरचा पहिला रविवार ३ तारखेला होता, आणि ३ तारखेलाच भाऊबीज.

यातली गंमत कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. भाऊबीजेची ओवाळणी त्या घरात तीन देशांत एकदम होते. पुण्यात संध्याकाळचे पाच, न्यू जर्सीत सकाळचे साडेसात, मेलबर्नला रात्रीचे साडेदहा, अशी वेळ भावाबहिणीने ठरवली होती. मुलगी तबक घेऊन फोनमधल्या भावाला ओवाळणार, मधल्या चौकटीत आई-वडील. पण त्याच रविवारी अमेरिकेतली घड्याळं पहाटे दोनला एक तास मागे जाणार होती, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेअकराला. त्यानंतर फरक साडेनऊचा साडेदहा. मुलगा आपल्या साडेसातला उठून फोन करणार तेव्हा पुण्यात पाच नव्हे, सहा वाजणार, आणि मेलबर्नला मुलगी तबकातली निरांजनं पुन्हा लावत साडेअकरापर्यंत जागी. दुसऱ्या दिवशी तिला सोमवार. काका-काकू पाच ते सहा फोनकडे बघत बसले असते आणि दोघांपैकी कुणीही ‘विसरला असेल का?’ हे मोठ्याने म्हटलं नसतं. डावं घड्याळ वेळेवर फिरवलं तर मात्र सकाळीच लक्षात येतं आणि मुलाला तासभर आधी उठायला सांगता येतं. म्हणून घड्याळ फिरवण्याची जबाबदारी आमच्या चिरंजिवांनी घेतली, त्यात त्यांचा स्वार्थ स्टुलावर चढायला मिळण्याचा.

तारखेचाही घोळ त्या वर्षी होता. अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत होती, त्यामुळे देशात काही ठिकाणी लक्ष्मीपूजन गुरुवारी झालं. आपल्याकडच्या पंचांगांनी शुक्रवार दिला. चिठ्ठीत नुसतं ‘लक्ष्मीपूजनाला’ लिहून भागणार नव्हतं, तारीख आणि वार दोन्ही हवे. आणि चिठ्ठी द्यायची कधी, तर कोजागिरी झाल्याबरोबर. दिवाळीच्या तोंडावर दिलेलं आमंत्रण हे उरलेलं आमंत्रण वाटतं, आणि अनारशांचा तांदूळ तर थांबतच नाही. रविवारी, २७ तारखेला तळायचे तर गोळा मंगळवारी डब्यात पडायला हवा, त्यासाठी तांदूळ शुक्रवारी रात्री पाण्यात.

मायना लिहिताना शाळा आठवली. ‘तीर्थरूप’ आई-वडिलांना, ‘तीर्थस्वरूप’ आई-वडिलांसारख्या इतरांना. एवढ्याशा ‘स्व’साठी परीक्षेत गुण जायचे. काका ते तपासणार याची खात्री होती. शेवटी चिठ्ठी झाली ती अशी:

‘ती. स्व. काका आणि काकू यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदा आमच्याकडे अनारसे करायचं ठरलं आहे आणि ते येणारं माणूस घरात नाही. काकूंनी खुर्चीवर बसून सांगावं, हात मी चालवीन. तांदूळ शुक्रवारी, १८ तारखेला रात्री भिजवायचा आहे. तळणं रविवारी, २७ तारखेला संध्याकाळी पाचनंतर, म्हणजे मेलबर्नचा फोन आटोपल्यावर. कढई आमच्याच ओट्यावर चढेल, तुमच्या घरात तळणाचा वास येणार नाही.

शुक्रवारी, १ नोव्हेंबरला पूजा आपापल्या घरी करू. नंतर पावणेआठला आम्ही तिघे तुमच्याकडे येतो. जेवून येऊ, काही करू नये. आम्हाला मेंढीकोट खेळायचा आहे आणि त्याला चार हात लागतात; आमच्याकडे पत्ते धरता येणारे दोनच आहेत. चिरंजीव गुण मांडतील. नऊला उठू.

रविवारी, ३ नोव्हेंबरला सकाळी साडेअकराला चिरंजीव न्यू जर्सीचं घड्याळ मागे करायला येतील. भाऊबीजेच्या फोनची वेळ त्यामुळे बदलते, तेवढं मुलाशी बोलून ठेवावं.

यातलं जे जमेल ते जमेल. जमणार नसेल तर कारण कळवू नये. तांदळाचं तेवढं शुक्रवार दुपारपर्यंत सांगावं.’

‘कारण कळवू नये’ ही ओळ ह्यांना उद्धट वाटली. मला ती सगळ्यात प्रेमळ वाटत होती. म्हाताऱ्या माणसांचा अर्धा नकार कारण शोधण्याच्या दमणुकीने होतो. कंबर, गोळ्या, पाहुणे येणार आहेत, यातलं काहीतरी पुढे करावं लागतं आणि मग त्या दिवशी खिडकीत दिसायचीही चोरी. कारण मागितलंच नाही, की नको म्हणणं सोपं होतं, आणि नको म्हणणं सोपं असलं की लोक हो म्हणतात.

चिठ्ठी गुरुवारी दाराखालून सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. आमच्याच कागदाच्या मागे, काकांच्या बँकेतल्या अक्षरात. पुढच्या बाजूला माझा एक ऱ्हस्व उकार लाल शाईने दीर्घ झालेला होता. मागे क्रमांक घालून उत्तर होतं.

पहिलं: तांदूळ अर्धा किलोच भिजवावा, नवशिक्यांनी किलोची हाव धरू नये. गूळ चिकीचा आणू नये. तूप आमचं, त्यावर चर्चा नाही.

दुसरं: शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला पत्ते नकोत. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणतात, तेव्हा खेळ शनिवारी शास्त्राला धरून होईल. शुक्रवारी यावं, नुसतं बसू. शनिवारी पुन्हा यावं, खेळू.

मी एक संध्याकाळ मागितली होती. पंचांगाच्या आधाराने काकांनी दोन मंजूर केल्या.

तिसरं: घड्याळाचं काम मान्य. स्टूल आतल्या खोलीत आहे हे चिरंजिवांस सांगावं आणि काकूंस सांगू नये.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, ठरल्याप्रमाणे झालं. पहिला अनारसा हसला. काकूंनी बाजूला ठेवलेलं पीठ मुठीने मोजून घातलं, दुसऱ्याला जाळी पडली, आणि ‘बघ’ एवढंच म्हणाल्या. काकांच्या साखरेमुळे त्यांच्या वाट्याला पाव अनारसा आला. तो त्यांनी चार हप्त्यांत खाल्ला. शुक्रवारी आम्ही पावणेआठला गेलो. आठला बाहेर फटाके सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आठ ते दहा अशी वेळ घालून दिली आहे, तिचा पहिला भाग आमच्या गल्लीत कसोशीने पाळतात, दुसऱ्याबद्दल बोलू नये. काकूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि मुलीचा पहिला आकाशकंदील कसा पेटला होता ते सांगितलं. त्यांना मुलांची आठवण आलीच. ती येऊ नये अशी व्यवस्था कोणत्याही चिठ्ठीला करता येत नाही आणि करूही नये. मुलांबद्दल बोलायला समोर ऐकणारं माणूस होतं, एवढाच त्या संध्याकाळचा फरक. पावणेनऊला काकू आत जाऊन पेढे घेऊन आल्या. ‘काही करू नये’ हे कलम त्यांनी पेढे विकतचे आहेत या मुद्द्यावर निष्प्रभ केलं. आम्ही नऊला उठलो तेव्हा काका म्हणाले, ‘बसा हो,’ आणि घड्याळाकडे बघून स्वतःच उठले.

शनिवारी ते दोघं जिंकले. गणिताच्या बाई पत्ते मोजतात ही गोष्ट आम्हाला आधी सुचायला हवी होती.

भाऊबीजेला फोन पाचलाच लागला. मुलगा तिकडे अर्धवट झोपेत, घड्याळात साडेसहा, बहिणीने ओवाळल्यावर त्याने जांभई देत ओवाळणी पाठवली.

आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. काकूंकडे आम्ही अनारशांचा डबा दिला होता, तो कार्तिकी एकादशीच्या सुमाराला परत आला. आत ओल्या नारळाच्या वड्या होत्या आणि वर एक घडी घातलेला कागद. या वेळी मायना काकूंच्या अक्षरात होता, मजकूर त्यांच्या सवयीप्रमाणे प्रमेयासारखा:

‘द्वादशीला संध्याकाळी सातला आमच्या गॅलरीत तुळशीचं लग्न आहे. मुलीकडचे आम्ही दोघं आहोत. मुलाकडून कुणीही नाही, असं लग्न लागत नाही. तरी तुम्ही तिघांनी कृष्णाकडून यावं. मानपान होणार नाही, रुसू नये. अंतरपाट धरायला उंच माणूस लागतं, ते तुमच्या ह्यांना सांगावं. यायला जमणार नसेल तर कारण कळवावं.’